विषय: हरवलेल्या चेक क्र. ०४७२१८ चे पेमेंट थांबवण्याबाबत

मा. शाखा व्यवस्थापक,

माझ्या बचत खात्यावरील (शेवटचे अंक ४४१७) एक चेक काल हरवला. त्याचे पेमेंट कृपया तातडीने थांबवावे.

चेक क्रमांक: ०४७२१८
तारीख: १२ जून २०२५
रक्कम: ₹ १८,५००/- (अक्षरी रुपये अठरा हजार पाचशे फक्त)
नाव: प्रकाश रामचंद्र सुतार
प्रकार: अकाउंट पेयी क्रॉस केलेला, माझी सही असलेला

फर्निचरच्या कामापोटी श्री. सुतार यांना तो दिला होता. रिक्षात राहिलेल्या त्यांच्या पिशवीसोबत तो गेला. आजपर्यंत त्यांनी तो कुठेही भरलेला नाही.

थांबवायचा तो फक्त हाच चेक. पुढचा, क्र. ०४७२१९, सोसायटीच्या मेंटेनन्ससाठी दिला आहे. तो वटू द्यावा, नाहीतर तिकडे दंड बसेल.

०४७२१८ आधीच वटला असल्यास मला लगेच फोनवर कळवावे. नियमानुसार होणारे शुल्क याच खात्यातून वळते करावे. उद्या दुसरा शनिवार असल्याने नोंद आजच व्हावी आणि तिची तारीख-वेळ असलेली पोच या ईमेलवर मिळावी. ती हाती आल्यावरच मी सुतारांना दुसरा चेक देणार आहे.

सही केलेला अर्ज सोबत जोडला आहे.

आपली विश्वासू,
वैशाली मोहन देशमुख
१३ जून २०२५