बाजारातील व घरातील चित्रीकरणासाठी परवानगीपत्र आणि संमतीपत्रे

दिनांक: २० फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. अध्यक्ष,
बाजार व्यापारी संघ

विषय: १४ मार्च रोजी बाजारात लघुपटाचे चित्रीकरण करण्यास परवानगी मिळण्याबाबत

महोदय,

घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरावर आम्ही १८ मिनिटांचा लघुपट करीत आहोत. दुकान उघडण्यापासून पहिले गिऱ्हाईक येईपर्यंतचा प्रसंग आपल्या बाजारात घ्यायचा आहे. त्यासाठी शनिवार, १४ मार्च २०२६ रोजी सकाळी ६ ते १० या वेळेत मधल्या गल्लीत चित्रीकरणाची परवानगी द्यावी, ही विनंती.

आम्ही सात जण असू. एक कॅमेरा, एक ट्रायपॉड आणि आवाजासाठी एक माइक, एवढेच सामान. दिवे, जनरेटर, ट्रॉली, ड्रोन यांपैकी काहीही आणणार नाही. गल्ली बंद करणार नाही. हातगाडी व रुग्णाला नेणारे स्ट्रेचर जाईल एवढी वाट कायम मोकळी राहील आणि ती सांभाळायला आमचा एक माणूस फक्त तिथेच उभा असेल. हमालांना ‘जरा थांबा’ म्हणणार नाही. थांबायचे ते आम्हीच.

दोन्ही तोंडांशी आदल्या संध्याकाळपासून फलक लावू: ‘येथे चित्रीकरण सुरू आहे. आपण दिसू नये असे वाटत असल्यास पिवळ्या टोपीतील व्यक्तीला सांगा.’ गर्दीत ओझरते दिसणाऱ्यांसाठी हा फलक आहे. ज्यांचा चेहरा ठळक दिसेल किंवा जे बोलतील, त्यांची सही मात्र स्वतंत्र घेऊ. फलक लावला म्हणजे सगळ्यांची संमती मिळाली, असे आम्ही मानत नाही.

एक विनंती आहे. त्या चार तासांत दुकानांतली गाणी बंद ठेवता आली तर बरे. मागे पडद्याआड वाजणारे गाणेसुद्धा ध्वनिमुद्रणात आले, की त्याच्या हक्कधारकाकडून वेगळा परवाना घ्यावा लागतो, आणि संवादांतून ते गाणे नंतर वेगळे काढणे जवळपास अशक्य असते.

स्थानिक प्रशासन व पोलीस ठाण्याकडे स्वतंत्र अर्ज केले आहेत. त्यांची परवानगी हाती आल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढणार नाही. नुकसान झाल्यास भरपाईची जबाबदारी माझी. संघाने ‘थांबवा’ म्हटल्यास कारण न विचारता थांबवू.

आपली विश्वासू,
अनघा
दिग्दर्शक व निर्माती

घरातील चित्रीकरणाचे संमतीपत्र

आम्ही, शालिनी व मोहन, या घराचे बहीण-भाऊ सहमालक, अनघा यांना २१ व २२ मार्च २०२६ रोजी सकाळी ९ ते सायंकाळी ६ या वेळेत पुढची खोली, स्वयंपाकघर व जिना येथे चित्रीकरणाची परवानगी देत आहोत. आतल्या दोन खोल्या व देवघर यांत कोणीही जाणार नाही, दारातून कॅमेराही रोखणार नाही. घरात भाडेकरू नाही.

(दोघांच्या सह्या मुद्दाम घेतल्या आहेत. मागच्या लघुपटात एकाच भावाच्या तोंडी होकारावर मी चित्रीकरण केले. दुसऱ्याने हरकत घेतल्यावर अख्खा प्रसंग कापावा लागला. — अनघा)

सामान हलवण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढले जातील आणि निघताना त्याच फोटोंवरून सगळे जागच्या जागी लावले जाईल. भिंतीवरील कौटुंबिक छायाचित्रे, पत्त्याची पाटी व औषधांचे कागद झाकले जातील. दिवाणखान्यातले चित्र दुसऱ्याने काढलेले आहे. ते घरात आमच्या मालकीचे असले तरी पडद्यावर दाखवण्याचा हक्क आमच्याकडे नाही, म्हणून ते दोन दिवस उतरवून ठेवू.

या घराची दृश्ये फक्त या लघुपटात, त्याच्या झलकीत व महोत्सवातील प्रसिद्धीत वापरता येतील. जाहिरातीत किंवा दुसऱ्या चित्रपटात वापरायची झाल्यास नव्याने लेखी परवानगी लागेल. घराचा पत्ता कुठेही दिला जाणार नाही. विजेचे वाढीव बिल व मोडतोडीची भरपाई अनघा करतील.

शालिनी (सही) मोहन (सही) अनघा (सही)

व्यक्तीचे संमतीपत्र

मी, वसंत, बाजारात घड्याळे दुरुस्त करतो. माझा चेहरा, आवाज, काम व बोलणे या लघुपटात वापरण्यास मी राजीखुशीने संमती देत आहे. संकलनात माझे बोलणे कमी केले जाईल, पण मागचे-पुढचे तोडून माझ्या म्हणण्याचा अर्थ बदलला जाणार नाही. मानधन ठरलेले नाही, हे मला माहीत आहे. पहिल्या जुळणीची प्रत मला दाखवली जाईल. ती पाहिल्यापासून सात दिवसांत मी सांगितलेला भाग काढला जाईल. त्यानंतर मला संमती मागे घेता येणार नाही.

माझ्या दुकानात काम शिकणारा भाचा १५ वर्षांचा आहे. त्याच्यासाठी त्याच्या आईची सही वेगळ्या कागदावर घेतली आहे. तो स्वतः ‘नको’ म्हणाला, तर ती सही असूनही त्याचे चित्रीकरण होणार नाही.

हा मजकूर मला मराठीत वाचून दाखवला. एक प्रत माझ्याजवळ ठेवली.

वसंत (सही)
१४ मार्च २०२६, सकाळी ५.४०, कॅमेरा सुरू होण्याआधी