गुड मॉर्निंग माझ्या केळीच्या घडा

गुड मॉर्निंग गुड मॉर्निंग, या रे बामणोदची फणी, थांबा थांबा, आधी गाडी पूर्ण थांबू द्या, मी खाली उतरले की मगच पाय उचलायचा, माहितीये ना? हं, आता या. स्वरा, टाळी की नमस्कार? टाळी! घे. वेदू तुला? नमस्कार, बरं बापा, नमस्कार. प्रणव आज काहीच नको म्हणतो, झोप आलीये डोळ्यावर, चालेल राजा, नुसतं माझ्याकडे बघ म्हणजे मला कळलं तू आलास. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच केळ्यांची फणी पूर्ण.

बसले सगळे? आपापल्या जागेवरच ना? आता ऐका, आज एक वेगळी गोष्ट आहे आणि ती मी तुम्हाला गाडी सुरू व्हायच्या आधीच सांगते. समोर बघा, आज आपले काका नाहीत. काकांच्या घरी लग्न आहे, ते आज आणि उद्या सुट्टीवर, परवा परत येणार. आज गाडी नाना चालवणार. नाना, जरा मागे वळून हात करा बरं पोरांना. बघा, हे नाना. मी नानांना ओळखते, सकाळी पावणेसातला आम्ही दोघांनी मिळून सगळी गाडी बघितली, औषधाची पेटी बघितली, मागचा इमर्जन्सीचा दरवाजा उघडून बघितला, ब्रेक नानांनी दोनदा तपासले. रस्ता तोच, आमोदा, मग पिंपरूड फाटा, मग फैजपूर. तुमच्या जागा त्याच. आणि दारात मीच. ड्रायव्हर बदलला म्हणून मावशी बदलत नाही.

काय रे वेदू? नाना हॉर्न जोरात वाजवतात का? विचार ना त्यांनाच. बघ, नाही म्हणतात.

पाण्याच्या बाटलीचा पट्टा गळ्यात नका ठेवू माय, काढा, मांडीवर ठेवा. डबा आत्ता उघडायचा नाही, मला वास आलाय, कोणाच्या तरी डब्यात शेव आहे, पण गाडी हलताना घास घशात अडकतो, म्हणून शाळेतच. हात आत. खिडकीला दांडे आहेत म्हणून काय झालं, बोटं बाहेर जातातच, आणि आज केळीचे ट्रॅक्टर खूप आहेत रस्त्याला, घड रचून येतायत समोरून, तर बघा भरपूर, मोजा, पण हात आतच. चला नाना.

…

आमोदा आलं. बसूनच रहा, मी उतरते.

गुड मॉर्निंग रे आमोदेकरांनो! या, एकामागं एक, घाई नको, दाराला हात नको, माझा हात धरा. एक, दोन, तीन, चार. आरुष आज नाही हं, त्याला रात्री ताप आला, त्याच्या आईचा मला फोन आला होता, तो घरी झोपलाय. त्याच्या जागेवर कोणी बसायचं नाही, ती त्याचीच आहे, तो आला की त्याला तशीच मिळाली पाहिजे.

आणि आमची ओवी कुठंय? आबांच्या मागे? ये माय ये. काबरं रडते गं? नाही नाही, रड तू, रडलं तर चालतं, मी काही रागवत नाही. आज तुझा तिसराच दिवस, मला माहितीये, पोटात कसंतरी होतं ना? बघ मी खाली बसते, आता मी तुझ्याएवढी झाले.

आबा, एक ऐका माझं, तिचं लक्ष नाही बघून हळूच निघून जाऊ नका हो. कालही तसंच झालं, तिनं वळून बघितलं तर तुम्ही नाहीत, मग ती शाळेपर्यंत मागच्या काचेतून बघत राहिली, मला तिचं मन वळवता वळवता नाकी नऊ आले. तुम्ही तिला सरळ सांगा, मी आता वावरात जातो आणि साडेबाराला याच निंबाखाली उभा असतो. तिच्या तोंडाकडे बघून सांगा. मग टाटा करा आणि मग जा. थोडं जास्त रडेल आत्ता, पण उद्या ती तुमच्या शब्दावर विश्वास ठेवेल.

ऐकलंस ना ओवी, आबा काय म्हणाले? आता मी तुला खरं खरं सांगते, आई आत्ता येणार नाही, आबा पण आत्ता येणार नाहीत. आधी आपण शाळेत जाऊ, मग प्रार्थना, मग गाणी, मग डबा, मग मातीचा खेळ, आणि खेळ झाला की मी येते तुझ्या वर्गाच्या दारात तुला घ्यायला. मीच. मग इथं निंबाखाली आबा. तुला मी आबांच्या नाहीतर आईच्याच हातात देणार, दुसरं कोणी आलं आणि म्हणालं ना की द्या मी घेऊन जातो, तरी नाही देणार, आधी आईला फोन करणार.

आबा, तुमच्या खांद्यावरचा रुमाल द्याल का तिच्याजवळ? हां, असा. बघ ओवी, आबांचा रुमाल आज तुझ्याकडे, साडेबाराला तूच परत द्यायचा. उचलून घेऊ की स्वतः चढते? स्वतः? वा गं माझी वाघीण. तुझी जागा माझ्या मागचीच, खिडकीची, तिथून सातपुडा दिसतो.

पाच. बामणोदचे पाच आणि आमोद्याचे पाच किती रे? दहा, बरोब्बर.

…

पिंपरूड फाटा. गुड मॉर्निंग, गुड मॉर्निंग, तिघंही वेळेवर, शाब्बास! थांब, थांब, कंपास पडली का खाली? उचलू नको! गाडीच्या चाकाजवळ काहीही पडलं, कंपास असो नाहीतर सोन्याची अंगठी असो, वाकायचं नाही, मावशी म्हणून ओरडायचं, कारण वाकलेलं पोरगं ड्रायव्हरला वरून दिसतच नाही. नाना, थांबा हं जरा. घे तुझी कंपास. ओरडले म्हणून घाबरलास का? माझा आवाज मोठा झाला, पण राग तुझ्यावर नाही राजा, माझाच जीव वर आला होता.

अकरा, बारा, तेरा. आणि आरुष घरी. झाला आपला घड पूर्ण. दार बंद, खटका लागला, बघा लागला ना? रोज बघायचा, मला आठवण करायची. हं, ओवी, आता तू सांग, नानांना चला म्हण. हळू म्हणालीस तरी ऐकलं बघ त्यांनी.

तो बघा सातपुडा, आज ढग आलेत वर, सांगा कोणाच्या वावरात पेरणी झाली? …बरं, हातांनी नका सांगू, तोंडानं सांगा, सगळे एकदम नको.

…

आली शाळा. बसा, बसा, मी आधी. बॅग पाठीवर नाही, हातात, पायरीवर मागे ओढते ती. गेटवर बाई उभ्या आहेत, मी नाव घेईन तसं उतरायचं, उतरताना परत मोजते, चढले तेरा तर उतरले पण तेरा. स्वरा एक, वेदू दोन, पळू नको रे भो… अकरा, बारा.

आणि तेरा कोण? तेरा माझी ओवी. रुमाल कुठंय? हातातच? घामानं ओला केलास की गं. ये, पुढच्या कप्प्यात ठेवू, चेन तू ओढ. ओढ जोरात. हां. आता मी गाडीत परत चढून मागच्या सीटपर्यंत, खाली वाकून, सगळं बघणार आहे, कोणी झोपलं नाही ना, कोणाचं काही राहिलं नाही ना. तू बाईंजवळ उभी राहून बघ माझ्याकडे. मागच्या काचेतून मी हात केला की मग वर्गात जा.