नववीच्या मुलांसाठी दोन शब्द

आदरणीय मुख्याध्यापक, शिक्षकवर्ग आणि मित्रमैत्रिणींनो,

आज आम्हा दहावीच्या मुलांचा निरोप समारंभ. नववीवाल्यांनो, तुम्हाला एकच गोष्ट सांगते. सहामाहीत भूमितीच्या पेपरआधी मी रात्रभर जागून सगळी प्रमेयं घोकली. पेपरात पायथागोरसचं प्रमेय आलं, आकृती झोकात काढली आणि पुढची ओळच आठवेना!

दिवाळीनंतर आई पोळ्या करायची तेव्हा मी ओट्याशेजारी बसून रोज एक प्रमेय न बघता लिहायचे. रविवारी जुनी परत. कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू? पण प्रिलिमला हात थांबला नाही.

ती वही तुमच्या वर्गाच्या कपाटात ठेवलीय. जूनमध्येच उघडा, फेब्रुवारीची वाट बघू नका. शेवटच्या पानावरची चित्रं मात्र सरांना दाखवू नका.

धन्यवाद!