परब घराणे, तीन पाती: वंशवृक्ष, छायाचित्रे आणि हयात नातेवाइकांच्या खाजगीपणाबाबतचे नियम

कुडाळ तालुक्यातील एका गावच्या परब घराण्याच्या थोरल्या, मधल्या आणि धाकट्या अशा तीन पातींचा सहा पिढ्यांचा वृत्तान्त येथे ठेवला आहे. वृक्षात आजमितीस २१४ नावे असून त्यांपैकी ९७ व्यक्ती हयात आहेत. जुनी ३१८ छायाचित्रे जमा झाली असली तरी पाहुण्यांना त्यांतील १७६ दिसतात. उरलेली का दिसत नाहीत, हे पुढे सांगितले आहे. गावाचे आणि वाडीचे नाव या खुल्या पानावर मुद्दाम दिलेले नाही. मूळ घराला वर्षातले दहा महिने कुलूप असते, आणि घर कोठे आहे, त्यात कोणत्या जुन्या वस्तू आहेत व माणसे केव्हा येतात, हे तिन्ही एकाच जागी लिहून ठेवणे आम्हाला शहाणपणाचे वाटले नाही.

वृक्षाची सुरुवात धोंडो या पुरुषापासून होते. त्याच्या आधीची नावे घरात सांगितली जातात, पण त्यांना कागदाचा आधार मिळालेला नाही, म्हणून ती वृक्षात न घेता 'ऐकीव' या वेगळ्या टिपणात ठेवली आहेत. कुडाळ हा १९४८ पर्यंत सावंतवाडी संस्थानाचा भाग होता, त्यानंतर तो रत्नागिरी जिल्ह्यात आला आणि १ मे १९८१ पासून सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. त्यामुळे एकाच जमिनीचे कागद तीन राजवटींच्या शिक्क्यांचे आहेत आणि त्यांतले सर्वांत जुने मोडी लिपीत आहेत. धोंडोच्या तीन मुलांची नावे जमिनीच्या अशाच एका कागदावर सापडली. पुढील पिढ्यांसाठी फेरफार नोंदी, गाव नमुना ६-क मधील वारसनोंदी आणि प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर उपयोगी पडले.

या सर्व कागदांचा एक समान दोष असा की त्यांत बायका जवळजवळ नाहीत. वारसनोंदीत मुलगे ओळीने येतात, मुलीचे नाव क्वचित, आणि सुनेचे नाव ती विधवा झाल्यावरच. लग्नात नाव बदलण्याची चाल असल्याने आमच्या वृक्षात एकाच पिढीत तीन 'लक्ष्मीबाई' झाल्या होत्या, आणि कोणाची मुले कोणती याचा घोळ दोन वर्षे निस्तरत होतो. म्हणून आता प्रत्येक दिवंगत स्त्रीचे माहेरचे नाव, सासरचे नाव आणि माहेरचे गाव अशा तिन्ही नोंदी शक्य तेथे दिल्या आहेत, आणि लेकींच्या वंशाची फांदीही मुलग्यांच्या फांदीइतकीच पुढे नेली आहे. आडनाव वेगळे झाले म्हणून वृक्षाच्या बाहेर कोणी गेलेले नाही.

तिसऱ्या पिढीतील सात भाऊ मुंबईस गेले आणि त्यांतील पाच जण कापडगिरण्यांत लागले. त्या काळातील छायाचित्रे हा या संग्रहाचा सर्वांत भरगच्च भाग आहे. छायाचित्र क्रमांक १२ हे १९३१ सालचे आहे. रंगवलेल्या पडद्यासमोर एकाच खुर्चीभोवती तिघे उभे आहेत, त्यांतील एकाच्या अंगात कोट आहे, आणि सर्वांत मिळून कोट एकच असावा अशी शंका येते, कारण क्रमांक १३ आणि १४ मध्ये तोच कोट दुसऱ्याच दोघांच्या अंगावर दिसतो. मागे पेन्सिलीने लिहिलेल्या साल आणि नावांवर आम्ही आंधळा विश्वास ठेवलेला नाही. नावे पुढच्या पिढीतील कोणीतरी आठवणीने लिहिली होती आणि त्यांत दोन भावांची अदलाबदल झालेली होती. म्हणून प्रत्येक छायाचित्राखाली डावीकडून नावे, ठिकाण, साल, मूळ प्रत कोणाकडे आहे आणि ओळख कोणी पटवली हे लिहिले आहे. ओळख पटवणारी व्यक्ती हयात असल्यास तिचे नाव न देता फक्त पाती लिहिली आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतरची छायाचित्रे फार थोडी आहेत. पैसे नसताना कोणी फोटो काढत नाही, इतकेच त्याचे कारण असावे. त्या काळचे कागद मात्र भरपूर आहेत: हजेरीचे तिकीट, भविष्यनिर्वाह निधीची पावती, गिरणीचे ओळखपत्र. यांतील एकही कागद येथे दाखवलेला नाही. गिरणी कामगारांच्या घरांसाठीची पात्रता १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असण्याशी जोडलेली असल्याने हे कागद आजही वारसांच्या हक्काचा पुरावा आहेत, आणि पुराव्याची स्वच्छ प्रत कोणालाही उतरवून घेता येईल अशी ठेवणे म्हणजे तो दुसऱ्याच्या हाती देणे होय. ज्या कुटुंबाचा कागद आहे त्यांनी तो आपल्याजवळ जपावा. आमच्याकडे फक्त 'कागद पाहिला' एवढी नोंद आहे.

हयात व्यक्तींबाबत

हयात व्यक्तीचे नाव, जन्मतारीख, पत्ता किंवा व्यवसाय खुल्या वृक्षात दिसत नाही, आणि छायाचित्र तिच्या संमतीशिवाय दिसत नाही. तिच्या जागी 'हयात' असे लिहिलेली रिकामी चौकट दिसते. जन्मतारीख आणि आईचे माहेरचे आडनाव ही दोन उत्तरे आजही अनेक ठिकाणी ओळख पटवण्यासाठी विचारली जातात, आणि वंशवृक्षात नेमकी हीच दोन उत्तरे शेजारी शेजारी असतात, हे लक्षात घ्यावे. हा वृक्ष webtrees या मुक्त प्रणालीवर चालतो. मृत्यूची नोंद नसलेल्या व्यक्तीला किती वर्षांनंतर दिवंगत समजावे, हे त्या प्रणालीत ठरवता येते. तिने मुळात धरलेली १२० वर्षांची मर्यादा आम्ही तशीच ठेवली आहे. ती १०० करावी अशी सूचना आली होती, परंतु आमच्या आज्यांच्या जन्मसालांपैकी निम्मी 'मोठ्या वादळाच्या वर्षी' अशा हिशेबाने काढलेली असल्याने सावधपणाच्या बाजूने चुकणे बरे, असे ठरले.

लॉगिन असलेल्या नातेवाइकांना आपल्या पातीतील हयात व्यक्तींची फक्त नावे व परस्परनाते दिसते, तेही त्या व्यक्तीने लेखी संमती दिली असेल तरच. दुसऱ्या पातीची नावे पाहायची असल्यास त्या पातीच्या प्रतिनिधीला विचारावे लागते. हे काहींना जाचक वाटले. एका काकांनी तर विचारले, "आपल्याच माणसांपासून लपवूचा काय?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण आपल्याच माणसांत जमिनीचे वाद चालू आहेत, तुटलेले संसार आहेत, आणि लग्नाच्या वयाच्या मुलींची नावे-गावे भलत्या ठिकाणी फिरल्याचा अनुभवही आहे.

१८ वर्षांखालील मुलांचे नाव किंवा छायाचित्र खुल्या भागात आईवडिलांनी संमती दिली तरी घेतले जात नाही. ते मूल सज्ञान झाल्यावर त्यालाच विचारले जाईल. तोपर्यंत चौकटीत 'अपत्य' एवढेच राहील, मुलगा की मुलगी हेही नाही.

समूहछायाचित्रांचा प्रश्न सर्वांत अवघड होता. क्रमांक ८८ हे १९७४ सालचे, चाळीच्या गॅलरीतील गणपतीपुढचे चित्र आहे. त्यातील अकरा जणांपैकी चौघे हयात आहेत. तिघांनी संमती दिली, एकीने दिली नाही. तिचा चेहरा धूसर करून चित्र ठेवता आले असते, परंतु धूसर केलेला एकच चेहरा सर्वांच्या नजरेत भरतो आणि ही कोण, असे विचारण्याची उत्सुकता वाढवतो. म्हणून संपूर्ण चित्रच मागे घेतले आहे. नकाराचे कारण तिला विचारलेले नाही आणि कोणी विचारू नये.

चालू वर्षाच्या गणेशचतुर्थीची छायाचित्रे विसर्जन होऊन सर्वजण मुंबई-पुण्यास परतल्यावर, किमान तीन आठवड्यांनी येथे चढवली जातात. सगळे गावी जमले आहेत, असे त्याच दिवशी जाहीर करणे म्हणजे तिकडची घरे रिकामी आहेत, असे सांगणे. मोबाइलने काढलेल्या चित्रात स्थळाची नोंद दडलेली असू शकते; ती काढून टाकूनच चित्र चढवले जाते.

दिवंगतांबाबत

मृत्यूनंतरची पहिली १० वर्षे फक्त नाव, जन्म-मृत्यूचे साल आणि नाते दिले जाते. मृत्यूचे कारण कोणाचेही, कधीही दिले जात नाही. काही आजार रक्ताच्या नात्यांत उतरतात आणि त्याची झळ हयात मुलांच्या सोयरिकीला लागते. दुसरे लग्न, दत्तकविधान किंवा लग्नाबाहेरचे नाते यांचा उल्लेख त्या व्यक्तीची मुले हयात असतील तर त्यांच्या अनुमतीशिवाय होत नाही. एका जुन्या वहीत तिसऱ्या पिढीतील एका स्त्रीपुढे 'मुंबईस गेली' एवढेच लिहिले आहे. तिचे पुढे काय झाले हे आम्हाला कळले आहे. तिची नातवंडे हयात आहेत, म्हणून वृक्षातही तेवढेच दोन शब्द आहेत.

कायदा, प्रती आणि दुरुस्ती

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही. मात्र सर्व जगाला खुले असलेले पान घरगुती राहत नाही, असा निवाडा युरोपीय न्यायालयाने २००३ मध्येच दिला आहे आणि आपल्या धाकट्या पातीतील एक कुटुंब जर्मनीत आहे. म्हणून सवलतीच्या आडोशाला न जाता संमती हाच नियम ठेवला आहे.

उतरवून घेण्याच्या फाइलीत फक्त दिवंगतांच्या नोंदी असतात. आमच्या मूळ फाइलीत प्रत्येक हयात व्यक्तीच्या नोंदीखाली ती नोंद गोपनीय असल्याची खूण म्हणून पुढील ओळ आहे. ती काढून टाकू नये, आणि ती फाइल परदेशी वंशावळ-संस्थांच्या संग्रहात चढवू नये:

```
1 RESN confidential
```

हा वृक्ष वारसाहक्काचा, जातीच्या दाखल्याचा किंवा अन्य कोणत्याही सरकारी कामाचा पुरावा नाही. त्यासाठी त्या त्या कार्यालयाला लागणारे अधिकृत कागदच लागतात. वृक्षात नाव नाही म्हणून कोणाचा हक्क जात नाही, आणि आहे म्हणून तो सिद्धही होत नाही.

आपली कोणतीही नोंद किंवा चित्र काढून टाकण्याची विनंती पानाच्या तळाशी असलेल्या निरोप-अर्जाने करता येते. तिन्ही पातींचे एकेक प्रतिनिधी ती पाहतात. चित्र त्याच दिवशी झाकले जाते आणि नोंद सात दिवसांत निघते. कारण द्यावे लागत नाही. पूर्वी दिलेली संमतीही याच मार्गाने परत घेता येते.

शेवटी एक विचारणा. क्रमांक ४१ मध्ये तुळशीवृंदावनाशेजारी बसलेली, मांडीवर तान्हे मूल घेतलेली बाई कोण हे अद्याप कळलेले नाही. चित्र १९३८ च्या सुमाराचे असावे. मांडीवरचे मूल आज हयात असू शकते, म्हणून ते खुल्या भागात नाही; मात्र थोरल्या पातीतील ज्यांना जुनी माणसे ओळखता येतात त्यांनी लॉगिन करून ते पाहावे, आणि नाव आठवल्यास टिप्पणीत न लिहिता निरोप-अर्जातच कळवावे.