उत्पादन व्यवस्थापन सराव चाचणी : जॉब, बॅच की मास?

वेळ : ३० मिनिटे. एकूण गुण : १५.

सूचना : ही चाचणी कोल्हापुरातील बीबीए द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी असून प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर दिले आहे, ते झाकून आधी स्वतःचे उत्तर लिहावे. उत्पादन पद्धत ठरवताना दोनच गोष्टी पाहाव्यात : एकाच प्रकारचे नग किती लागतात आणि नगानगांत फरक किती असतो. काम हाताने होते की यंत्राने, किंवा कारखाना लहान आहे की मोठा, यावरून पद्धत ठरवू नये. मागील चाचणीत बहुतेकांचे गुण इथेच गेले होते.

प्रश्न १ (१ गुण). साखर कारखान्यातील एक शाफ्ट ऐन गाळपात तुटला असून उद्यमनगरातील एका वर्कशॉपला तसाच एकच शाफ्ट बनवून द्यायचा आहे. योग्य पद्धत कोणती? (अ) जॉब (ब) बॅच (क) मास

उत्तर : (अ). नग एकच आहे आणि पुढचे काम अगदी वेगळे असू शकते, त्यामुळे येथे साधे लेथ आणि रेखाचित्र वाचता येणारा कुशल कारागीरच उपयोगी पडतो.

प्रश्न २ (२ गुण). एक कारागीर ग्राहकाच्या पायाचे माप घेऊन, त्याच्या पसंतीची वेणी घालून कोल्हापुरी चपलेचा एक जोड बनवतो. दुसरा कारागीर दुकानदारासाठी आठ नंबरचे साठ जोड बनवतो. आधी सर्व तळ कापतो, मग सर्व कान शिवतो आणि त्यानंतर नऊ नंबर हाती घेतो. दोघांच्या पद्धती ओळखा.

उत्तर : पहिली जॉब, दुसरी बॅच. दोघेही हातानेच काम करतात आणि वस्तूही तीच आहे. फरक आहे तो मागणीच्या स्वरूपात. ‘हस्तकला म्हणजे जॉब’ असे पाठ केलेल्यांनी हे उदाहरण पुन्हा वाचावे.

प्रश्न ३ (३ गुण). शिरोली एमआयडीसीतील एक युनिट पंपांसाठी तीन प्रकारची कास्टिंग मशीनवर करून देते. प्रकार बदलताना सेटिंगला ४० मिनिटे लागतात आणि एका नगाला २ मिनिटे. बॅच २० नगांची आणि २०० नगांची असल्यास प्रतिनग वेळ काढा. मग नेहमी २०० नगांचीच बॅच का लावू नये?

उत्तर : २० नगांसाठी ४० + ४० = ८० मिनिटे, म्हणजे प्रतिनग ४ मिनिटे. २०० नगांसाठी ४० + ४०० = ४४० मिनिटे, म्हणजे प्रतिनग २.२ मिनिटे. मोठ्या बॅचमुळे सेटिंगचा वेळ विभागला जातो हे खरे. परंतु मशीन एकाच प्रकारात अडकून पडल्याने बाकीच्या दोन प्रकारांचे ग्राहक ताटकळतात, तयार माल पडून राहतो आणि त्यात भांडवल गुंतते. सेटिंगचा वेळच कमी करता आला, तर लहान बॅचही परवडते.

प्रश्न ४ (१ गुण). दूध संघात अर्ध्या लिटरच्या एकसारख्या पिशव्या रोज लाखांच्या संख्येने भरल्या जातात. पद्धत कोणती?

उत्तर : मास.

प्रश्न ५ (५ गुण). एका सुट्या भागासाठी वार्षिक स्थिर खर्च आणि प्रतिनग बदलता खर्च असे आहेत : जॉब २०,००० व ९०० रुपये, बॅच १,४०,००० व ५०० रुपये, मास १२,४०,००० व २८० रुपये. कोणती पद्धत किती नगांपर्यंत स्वस्त पडते? मागणी १,२०० नग असल्यास निवड कोणती?

उत्तर : जॉब आणि बॅच यांचा खर्च १,२०,००० ÷ ४०० = ३०० नगांवर समान होतो, तर बॅच आणि मास यांचा ११,००,००० ÷ २२० = ५,००० नगांवर. म्हणून ३०० पर्यंत जॉब, ३०० ते ५,००० बॅच आणि त्यापुढे मास स्वस्त. १,२०० नगांसाठी बॅचचा खर्च ७,४०,०००, जॉबचा ११,००,००० आणि मासचा १५,७६,००० रुपये येतो, निवड बॅचची. हेज आणि व्हीलराइट यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या उत्पादन-प्रक्रिया तक्त्याचा कर्णही हेच दाखवतो : संख्या वाढते आणि विविधता घटते, तशी पद्धत जॉबकडून मासकडे सरकते. मात्र हे गणित त्या एकाच भागाचे आहे. त्याचे दहा उपप्रकार मागितले गेले, तर ६,००० नगांनाही मासची खास यंत्रे परवडतीलच असे नाही.

प्रश्न ६ (३ गुण). ‘गुऱ्हाळात फक्त गूळच होतो, विविधता नाही, म्हणून ती मास पद्धत होय.’ हे विधान सकारण तपासा.

उत्तर : विधान चूक आहे. विविधता कमी असली, तरी रस काहिलीत एका वेळी एक आधण म्हणूनच उकळला जातो, तयार झाल्यावर उतरवून ओतला जातो आणि मगच पुढच्या आधणाला सुरुवात होते; उसाची जात आणि पक्वता यांनुसार प्रत्येक आधणाचा रंग व कठीणपणाही बदलतो. एका वेळचे उत्पादन काहिलीच्या आकारमानाने बांधलेले असल्याने ही बॅच पद्धत ठरते. काहिलीचा उल्लेख न करता नुसते ‘बॅच’ लिहिणाऱ्यास एकच गुण मिळेल.