फोंड्याच्या फ्लॅटमधल्या गादीबद्दल

काका नमस्कार, सकाळी दोनदा फोन लावला पण लागला नाही, म्हणून इथेच लिहितोय, निवांत वाचा.

बेडरूममधली काथ्याची गादी आता बदलावी लागेल. मधोमध एवढी बसलीय की आम्ही दोघं दोन कडांना झोपलो तरी पहाटे घसरत मधल्या खड्ड्यात येतो. काल मुद्दाम झाडूचा दांडा आडवा ठेवून टेपने मोजलं, सव्वातीन इंच खोल आहे. भिंतीकडची शिवण उसवलीय, रोज केर काढताना बेडखालून काथ्याचा तपकिरी भुसा सुपलीभर निघतो, आणि जुलैच्या पावसात खालच्या बाजूला बुरशी धरली ती ब्रशने घासून, उघडीप मिळाली की बाल्कनीत उभी करून पण वास काही जात नाही. उलटी करून झाली, डोक्याची बाजू पायाकडे करून झाली, शेवटी खाली प्लाय पण टाकला. त्यातून एवढंच कळलं की बेडचा दोष नाही, तुमचं लाकूड एकदम ठणठणीत आहे :) हिची कंबर दीड महिना धरलीय, डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न गादीचा विचारला.

आम्ही काही मोडतोड केलेली नाही हे तुम्हालाही माहितेय. मागच्या सप्टेंबरात राहायला आलो त्याच दिवशी पाठवलेले फोटो बघा, मधला खोलगटपणा तेव्हाच दिसतोय, आणि तुम्हीच म्हणाला होतात की ही मुलाच्या कॉलेजच्या वेळची गादी. अॅग्रीमेंटच्या मागच्या सामानाच्या यादीत 'डबल बेड गादीसकट' लिहिलंय, त्यामुळे हा खर्च तुमच्याकडे यावा आणि डिपॉझिटमधून याचं काही कापू नये असं मला वाटतं.

बाजारात दोन दुकानांत विचारून आलो. आपल्या बेडचं आतलं माप ७५ बाय ६०, त्यात ५ इंची, खाली काथ्या वर फोम अशी गादी एकाकडे ९,२०० ला, दुसऱ्याकडे ८,६०० ला घरपोच. नुसता फोम नको, इथल्या दमट हवेत पाठ घामाने भिजते. तुम्ही स्वतः घेऊन दिलीत तर उत्तमच, नाहीतर मी घेतो, बिल तुमच्या नावावर करतो आणि पुढच्या दोन महिन्यांच्या भाड्यातून ४,३०० - ४,३०० वळते करू. गादी अर्थातच फ्लॅटमध्येच राहणार.

सोफ्याची एक स्प्रिंग कुरकुरते पण ते चालतंय, त्याबद्दल मी काही बोलत नाही.

जरा घाई अशासाठी की चवथीला आईबाबा सावंतवाडीहून येतायत आणि बेड त्यांनाच द्यायचाय. रविवारपर्यंत हो-नाही कळवाल का? चवथीच्या आठवड्यात दुकानदार डिलिव्हरी देत नाही म्हणाला. म्हार्दोळला देवळात येणार असाल तर वाटेत दहा मिनिटं घरी या, गादीवर स्वतः बसून बघा. आणि जुनी कुठे ठेवायची तेही तेव्हाच सांगा, लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्याने उतरवायला एक माणूस लागेल.