विषय: चि. प्रसाद आणि चि. सौ. कां. स्नेहल यांच्या साखरपुड्याच्या तारखेसाठी बैठक

यळ्ळूर, १२ एप्रिल २०२६

आदरणीय बाळासाहेब आणि सौ. वैनी यांस,

परशराम पाटील यांचा सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तुमचा होकार कळला आणि घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आईनं लगेच देवापुढं साखर ठेवली. फोनवर बोलणं झालंच आहे, पण घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवता यावं आणि पुण्यात प्रसादलाही कळावं म्हणून सविस्तर लिहितोय.

येत्या रविवारी, १९ एप्रिलला अक्षय तृतीया आहे. त्या दिवशी दोन्ही घरच्या मंडळींनी एकत्र बसून साखरपुड्याची तारीख धरावी, अशी आमची इच्छा आहे. १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो, तो १५ जूनपर्यंत. त्यानंतर पेरणी-रोपाची गडबड, मग चातुर्मास. म्हणून साखरपुडा अधिकाच्या आधी उरकावा आणि लग्न तुळशीच्या लग्नानंतर निवांत करावं, असं आम्हाला वाटतं. आमच्या गुरुजींनी रविवार ३ मे आणि गुरुवार ७ मे असे दोन दिवस सुचवलेत. तुमच्या गुरुजींनाही विचारून या. त्यांना दुसरा दिवस बरा वाटला तर आमची काही हरकत नाही.

सकाळी अकरापर्यंत पोचाल असे निघा. निपाणीहून हायवेनं बेळगावला या आणि वडगाववरून यळ्ळूरचा रस्ता धरा. वेशीत माझा मुलगा थांबेल. जेवण घरीच आहे. आमरस, पुरणपोळी आणि आमच्या शेतातल्या बासमतीचा भात. दादांना गुडघ्यामुळं प्रवास झेपणार नसेल तर संकोच न करता कळवा, आम्ही पाच-सहा माणसं निपाणीला येऊ. दादांशिवाय मात्र तारीख ठरवायची नाही.

देण्याघेण्याचा विषय बैठकीत नको, हे तुम्ही पहिल्याच भेटीत बोललात. त्या शब्दाचा आम्हाला फार आधार वाटला. टोपी-टॉवेलाचा मान तेवढा दोन्हीकडून राहू दे. वैनींच्या माहेरची हुक्केरीची मंडळी कन्नड बोलणारी आहेत, तेव्हा पत्रिका मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत छापू.

आता मनातली एक गोष्ट. ती बैठकीत चारचौघांसमोर काढण्याआधी तुमच्या कानावर घालावी असं वाटलं.

माझा धाकटा भाऊ, स्नेहलचा बाप, जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून सुनंदा कुठल्याही कार्यात पुढं येत नाही. घरात हळदीकुंकू असलं की ती चुलीपाशी काम काढून बसते. मागच्या महिन्यात तुम्ही मुलगी बघायला आलात, त्या दिवशीही तसंच झालं. स्नेहलची ओटी भरून झाल्यावर वैनी उठल्या, थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि पिठाच्या हातानंच सुनंदाला बाहेर घेऊन आल्या. सगळ्यांसमोर तिच्या कपाळाला कुंकू लावलं. सुनंदा काही बोलली नाही, नुसती पदरानं हात पुसत उभी राहिली. तिनं ते कुंकू रात्रीपर्यंत पुसलं नव्हतं.

हेरवाडच्या ग्रामसभेनं २०२२ साली विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा मी तो पेपरात वाचला होता आणि चांगलं केलं म्हणालो होतो. पण माझ्याच घरात मी कधी शब्द काढला नाही. वैनींनी तो न बोलता करून दाखवला.

म्हणून विनंती अशी, की रिवाजाप्रमाणं साखरपुड्याला मुलीकडून पाटावर मी आणि माझी बायको बसलो, तरी प्रसादला टिळा लावून ओवाळायचं काम सुनंदानं करावं. लेक तिची आहे. शिलाई मशीनवर बसून तिनंच स्नेहलला पंचविशीपर्यंत शिकवलं. आमच्या आईला विचारलं, तिनं आनंदानं होकार दिला. भावकीतले एक-दोघं कुरकुरतील, त्यांचं मी बघतो. पण तुमच्याकडच्या मोठ्यांना, विशेषतः दादांना आणि आत्याबाईंना, हे मनापासून पटायला हवं. कुणाच्या मनाला लागणार असेल तर मोकळेपणानं सांगा, मी स्वतः येऊन त्यांच्याशी बोलेन. सुनंदाला यातलं अजून काही सांगितलेलं नाही. तुमचा शब्द आला की वैनींनीच तिला फोन करावा, असं मला वाटतं.

किती माणसं येणार ते गुरुवारपर्यंत कळवा. लहान मुलांनाही आणा, शाळांना सुट्टीच आहे.

दादांना साष्टांग नमस्कार, आत्याबाईंना नमस्कार, प्रसादला आशीर्वाद.

आपला स्नेहांकित,
परशराम पाटील
(स्नेहलचे थोरले चुलते)